छायाचित्रातल्या ऱ्हास-वक्रावरून अर्धायुष्य कसे काढावे

एखाद्या किरणोत्सर्गी नमुन्याचा ऱ्हास-वक्र पुष्कळदा आकड्यांच्या तक्त्याविना हाती येतो. मूळ नोंदी हरवलेल्या असतात आणि उरते ते आलेखकागदाचे मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र. त्यावरून अर्धायुष्य काढण्याची शाळेतली रीत सोपी आहे: सुरुवातीचे मूल्य निम्मे कोणत्या वेळी झाले ते पाहावे आणि तोच काळ अर्धायुष्य समजावा. रीत बरोबरच आहे, पण निम्मे कशाचे आणि वेळ कोणत्या मापाने मोजायची, या दोन ठिकाणी ती हमखास फसते. पहिल्या ठिकाणी चूक पार्श्वभूमीमुळे होते आणि दुसऱ्या ठिकाणी कॅमेऱ्यामुळे.

ही कृती मी एका प्रत्यक्ष आलेखावर दाखवतो. एका सहकाऱ्याने मला बेरियम-१३७एमच्या ऱ्हासाचा हाताने काढलेला आलेख छायाचित्र म्हणून पाठवला होता. सीझियम-१३७ असलेल्या छोट्या जनित्रातून द्रावण पिळून काढले की त्याबरोबर बेरियम-१३७एम बाहेर येते आणि लगेच झपाट्याने क्षीण होऊ लागते. त्याचे मान्य अर्धायुष्य सुमारे २.५५ मिनिटे, म्हणजे १५३ सेकंद आहे, त्यामुळे आपले उत्तर पडताळून पाहण्याची सोय होते. आलेखाच्या आडव्या अक्षावर ० ते ८४० सेकंद होते, उभ्या अक्षावर गायगर-म्यूलर काउंटरने मोजलेले दर मिनिटाचे काउंट ० ते १४०० पर्यंत होते, आणि बिंदूंमधून पेन्सिलने एक सलग वक्र काढलेला होता. वक्र उभ्या अक्षाला १२४० जवळ मिळत होता.

आधी छायाचित्र तपासावे

कागदावर तिरक्या कोनातून कॅमेरा धरला की कागदाची जवळची बाजू मोठी आणि लांबची बाजू लहान दिसते. अशा छायाचित्रात एका सेकंदाला किती पिक्सेल हे प्रमाण आलेखभर सारखे राहत नाही. अक्षाची दोन टोके घेऊन मधले अंतर समान वाटून टाकणारा माणूस नेमका इथे चुकतो, कारण टोके जुळलेली असतात आणि मधला भाग सरकलेला असतो.

तपासणी अगदी साधी आहे. छायाचित्र संगणकावर उघडावे, कोणत्याही चित्र-संपादकात कर्सर ठेवल्यावर दिसणारे पिक्सेलचे निर्देशांक पाहावेत आणि आडव्या अक्षावरची तीन स्थाने टिपावीत: आरंभ, शेवट आणि बरोबर मध्य. माझ्याकडे आलेल्या पहिल्या छायाचित्रात ० सेकंदाची खूण १८० व्या पिक्सेलवर होती आणि ८४० सेकंदांची २९८० व्या पिक्सेलवर. कागद कॅमेऱ्याला समांतर असता तर ४२० सेकंदांची खूण बरोबर १५८० वर यायला हवी होती; ती आली १५४२ वर. या अडतीस पिक्सेलांचा अर्थ असा की त्या भागात वाचलेली प्रत्येक वेळ सुमारे ११ सेकंदांनी कमी निघाली असती. ज्याचे अर्धायुष्य १५३ सेकंद आहे, त्याच्यासाठी ही चूक मुळीच लहान नाही. उजवी चौकट डावीपेक्षा उंच दिसत होती, म्हणजे कागदाची उजवी बाजू कॅमेऱ्याच्या जवळ होती, हेही त्याच्याशी जुळत होते.

शक्य असेल तर छायाचित्र पुन्हा काढून मागवावे, हाच सर्वांत चांगला उपाय आहे. कागद सपाट पृष्ठभागावर ठेवावा, मोबाइल त्याच्या बरोबर वर समांतर धरावा आणि अगदी जवळ न जाता थोडे लांबून, झूम करून चित्र घ्यावे, कारण जवळून घेतलेल्या चित्रात भिंगामुळे कडेच्या सरळ रेषा फुगीर होतात. आलेख चित्राच्या मधोमध असावा. पुन्हा छायाचित्र मिळणार नसेल, तर चित्र-संपादकातल्या परिप्रेक्ष्य दुरुस्तीच्या साधनाने (GIMP मध्ये ते Perspective या नावाने आहे) चौकटीचे चारही कोपरे ओढून काटकोनी आयत करावा आणि मग मध्यबिंदूची तीच तपासणी पुन्हा करावी. बांधीव वहीच्या शिवणीजवळ कागद वाकलेला असेल तर मात्र ही दुरुस्ती पुरत नाही, कारण ती फक्त सपाट कागदालाच लागू पडते.

अशा वेळी, आणि खरे तर नेहमीच, एक गोष्ट आपल्या बाजूने असते. आलेखकागदाच्या छापील रेघा वक्राबरोबरच वाकड्या झालेल्या असतात. ज्या ठिकाणी कागद दबला, त्या ठिकाणी रेघांमधले अंतरही तेवढेच दबले. म्हणून वक्रावरचा एखादा बिंदू वाचताना टोकाच्या खुणांपासून मोजण्याऐवजी त्याच्या लगतच्या डाव्या आणि उजव्या रेघांमध्ये तो कुठे आहे, हे मोजावे. बिंदू १४० आणि १६० सेकंदांच्या रेघांच्या मधल्या अंतरात सात-दशांश पुढे असेल, तर वेळ १५४ सेकंद. चित्र कितीही तिरके असले तरी एवढ्या छोट्या चौकोनात ते जवळजवळ सरळच असते.

पिक्सेलांचे सेकंद आणि काउंट करणे

दुसरे छायाचित्र व्यवस्थित आले. त्यात ० सेकंद २१२ व्या पिक्सेलवर, ८४० सेकंद ३०१२ व्या पिक्सेलवर आणि ४२० सेकंदांची खूण १६१३ वर होती, म्हणजे अपेक्षेपेक्षा फक्त एका पिक्सेलने पुढे. उभ्या दिशेत शून्याची रेघ २४०० वर आणि १४०० ची रेघ ३०० वर होती. संगणकावर उभे निर्देशांक वरून खाली वाढतात, हे ध्यानात ठेवावे. त्यावरून दोन सूत्रे तयार झाली:

```
वेळ (सेकंद) = (आडवा पिक्सेल − २१२) × ०.३
काउंट = (२४०० − उभा पिक्सेल) ÷ १.५
```

सूत्रे वापरण्यापूर्वी उभ्या अक्षाचा खालचा आकडा खरोखर शून्य आहे ना, एवढे पाहून घ्यावे. अनेक आलेख २०० किंवा ५०० पासून सुरू केलेले असतात, आणि तिथे उंची निम्मी झाली म्हणजे मूल्य निम्मे झाले असे होत नाही.

पार्श्वभूमी: निम्मे नेमके कशाचे

काउंटर नमुन्याशिवायही काही काउंट मोजतोच. हे पार्श्वभूमीचे काउंट वेळेनुसार कमी होत नाहीत, त्यामुळे निम्मे करायचे ते एकूण काउंट नव्हेत, पार्श्वभूमी वजा केल्यावर उरणारे निव्वळ काउंट. ही वजाबाकी विसरल्यास काय होते, ते याच आलेखावर पाहण्यासारखे आहे. १२४० चे सरळ ६२०, मग ३१०, मग १५५ असे निम्मे करत गेलो, तर त्या-त्या टप्प्याला लागलेला वेळ अनुक्रमे सुमारे १६०, १६९ आणि १८८ सेकंद येतो. पहिला आकडा एकटा पाहिला असता तर खटकलाही नसता. तीन आकडे शेजारी ठेवल्यावर मात्र अर्धायुष्य दर खेपेला लांबत चालल्याचे दिसते, आणि एकाच समस्थानिकाचे अर्धायुष्य असे लांबत नसते.

आता पार्श्वभूमी किती, हा प्रश्न उरतो, आणि इथे डोळा फसवतो. आलेखाच्या उजव्या टोकाला वक्र जवळजवळ आडवा झालेला दिसतो. ८४० सेकंदांना तो ६७ वर होता, आणि हीच पार्श्वभूमी असे मानण्याचा मोह कोणालाही होईल. पण ८४० सेकंद म्हणजे जेमतेम साडेपाच अर्धायुष्ये. तेवढ्या काळात सुरुवातीच्या निव्वळ काउंटचा सुमारे पंचेचाळिसावा भाग अजून शिल्लक असतो, म्हणजे त्या ६७ मध्ये नमुन्याचेच २७ काउंट दडलेले होते. ६७ वजा करून वाचले तर टप्पे सुमारे १४८, १४४ आणि १३५ सेकंद येतात. आता ते उलट आखडत जातात.

वक्राचे शेपूट खरोखर सपाट होण्यासाठी साधारण दहा अर्धायुष्ये जावी लागतात. बेरियमच्या बाबतीत ती पंचवीस मिनिटे होतात आणि बहुतेक आलेख त्याआधीच संपलेले असतात. मग पार्श्वभूमी वक्रातूनच काढावी लागते. वक्रावर समान अंतराच्या तीन वेळा निवडाव्यात आणि तिथले एकूण काउंट वाचावेत. वक्र शुद्ध घातांकी ऱ्हास अधिक एक स्थिर संख्या असा असेल, तर ती स्थिर संख्या या सूत्राने मिळते:

```
B = (y1·y3 − y2²) / (y1 + y3 − 2·y2)
```

मी ०, ३०० आणि ६०० सेकंद घेतले. वाचने आली १२४०, ३४८ आणि ११९. अंश २६४५६ आणि छेद ६६३ येतो, म्हणजे पार्श्वभूमी सुमारे ४०. सूत्र सुरेख आहे, पण शेवटच्या वाचनाबाबत ते फार हळवे आहे: ११९ ऐवजी १२४ वाचले असते तर उत्तर ४० ऐवजी ४९ आले असते. म्हणून पार्श्वभूमीची स्वतंत्र मोजणी उपलब्ध असेल तर तीच घ्यावी. मी सहकाऱ्याला विचारले, तेव्हा नमुना तसाच काउंटरसमोर अर्धा तास ठेवून मग दहा मिनिटे केलेली मोजणी त्याच्या वहीत सापडली: ३९६ काउंट, म्हणजे मिनिटाला ४०. नमुना न हलवता केलेली ही मोजणी रिकाम्या खोलीतल्या मोजणीपेक्षा चांगली, कारण द्रावणाबरोबर जनित्रातून थोडे सीझियम निसटले असेल, तर त्याचेही काउंट तिच्यात येतात.

निम्मे होण्याच्या वेळा वाचणे

सुरुवातीचे निव्वळ मूल्य १२४० वजा ४०, म्हणजे १२००. ते ६००, ३०० आणि १५० होईल त्या वेळा हव्यात. पण आलेखावर शोधायचे ते एकूण मूल्य, म्हणून प्रत्येकात ४० परत मिळवून ६४०, ३४० आणि १९० या पातळ्यांवर आडव्या रेषा काढायच्या. सूत्राप्रमाणे त्यांचे उभे पिक्सेल १४४०, १८९० आणि २११५. चित्र थोडेही कलंडलेले वाटत असेल तर पिक्सेलची आडवी रेष न काढता डाव्या अक्षावर ६४० ची जागा आणि उजव्या चौकटीवर ६४० ची जागा, दोन्ही लगतच्या छापील रेघांवरून ठरवून, त्यांना जोडणारी रेष काढावी.

रेष वक्राला जिथे छेदते तो बिंदू वाचताना पेन्सिलीची जाडी आडवी येते. माझ्या चित्रात वक्राची रेघ उभ्या दिशेत नऊ पिक्सेल, म्हणजे सहा काउंट जाड होती. ६४० पाशी वक्र तीव्र उतरतो, त्यामुळे सहा काउंटची जाडी वेळेत फक्त दोन सेकंदांची होते. १९० पाशी उतार इतका मंदावतो की तीच जाडी नऊ सेकंद व्यापते, आणि ११५ पाशी, म्हणजे चौथ्या निम्म्याला, सतरा-अठरा सेकंद. म्हणूनच मी तिसऱ्या निम्म्यानंतर थांबतो. जाड रेघेचा मध्य डोळ्यांनी ठरवू नये. आपली आडवी रेष पेन्सिलीच्या रेघेच्या खालच्या कडेला कुठे छेदते आणि वरच्या कडेला कुठे, हे दोन्ही पिक्सेल चित्र मोठे करून टिपावेत आणि त्यांची सरासरी घ्यावी.

अशा रीतीने ६४० ला ७२५ वा पिक्सेल आला, ३४० ला १२२६ वा आणि १९० ला १७५४ वा. सेकंदांत त्या वेळा १५३.९, ३०४.२ आणि ४६२.६ होतात. टप्पे १५३.९, १५०.३ आणि १५८.४ सेकंद. ते थोडे खालीवर होतात, पण एका दिशेने वाढत किंवा घटत नाहीत, आणि बघायचे असते ते हेच.

सरासरीतला एक सापळा

तीन टप्प्यांची सरासरी १५४.२ सेकंद येते, आणि बहुतेक जण इथे थांबतात. पण ही सरासरी म्हणजे शेवटची वेळ ४६२.६ भागिले तीन, एवढेच आहे. लागोपाठच्या फरकांची बेरीज करताना मधली दोन्ही वाचने एकमेकांना खाऊन टाकतात, आणि उत्तर सर्वस्वी शेवटच्या, म्हणजे सर्वांत अविश्वसनीय वाचनावर टेकते. त्याऐवजी टप्प्याचा क्रमांक ०, १, २, ३ आडव्या अक्षावर आणि वेळ उभ्या अक्षावर घेऊन चार बिंदूंमधून सर्वोत्तम सरळ रेषा काढावी. तिचा चढ हेच अर्धायुष्य. समान अंतराच्या चार बिंदूंसाठी तो हातानेही काढता येतो:

```
T = (−1.5·t0 − 0.5·t1 + 0.5·t2 + 1.5·t3) / 5
```

आपल्या वेळा घातल्या की १५३.८ सेकंद मिळतात. इथे मधल्या वाचनांनाही आपला वाटा मिळाला.

याहून मोठा फायदा निराळ्या सुरुवातीने होतो. वक्र घातांकी असेल तर निम्मे होण्याची सुरुवात कुठूनही करता येते, आणि मुळात शून्य सेकंदाचा बिंदू हा एकच बिंदू आहे, त्यावर सगळा भार कशाला? निव्वळ १००० पासून सुरू करून ५००, २५०, १२५ वाचले, तर त्याच रीतीने १५३.५ सेकंद आले. ८०० पासून सुरू केल्यावर १५२.३ आले. तिन्हींची सरासरी १५३.२ सेकंद.

टप्पे काय सांगतात

निम्मे होण्याचे टप्पे वाचण्याचा खरा फायदा मला असा वाटतो की चूक झालीच तर तिची जात त्यांच्यावरून ओळखता येते. एखाद्या सॉफ्टवेअरला वक्र जुळवायला दिला तर ते एक आकडा देऊन मोकळे होते. टप्पे सतत लांबत असतील तर पार्श्वभूमी कमी वजा झाली आहे, किंवा नमुन्यात दुसरा, अधिक टिकाऊ समस्थानिक आहे. न्यूट्रॉनांनी सक्रिय केलेल्या चांदीत असेच होते: तिच्यात सुमारे २४.६ सेकंद अर्धायुष्याची चांदी-११० आणि सुमारे २.४ मिनिटांची चांदी-१०८ एकत्र असतात, आणि पहिले टप्पे आखूड तर नंतरचे लांब येतात. या दोन कारणांत फरक करायचा तर पुरेशा दीर्घकाळानंतरची स्वतंत्र पार्श्वभूमी वजा करून पाहावी. तरीही टप्पे लांबत राहिले तर नमुना मिश्र आहे, आणि तेथे एकच अर्धायुष्य सांगणे निरर्थक ठरते.

टप्पे सतत आखडत असतील तर पार्श्वभूमी जास्त वजा झाली आहे. फक्त पहिला टप्पा लांब आणि पुढचे सगळे समान असतील तर काउंटरच्या मृत काळाचा संशय घ्यावा. एक स्पंद नोंदल्यावर गायगर नळी सुमारे १०० मायक्रोसेकंद पुढच्या स्पंदाला दाद देत नाही; सेकंदाला हजार काउंट येत असतील तर जवळपास दहा टक्के त्यामुळे बुडतात, आणि सुरुवातीचा उंच भाग चेपला जातो. आपल्या आलेखात सेकंदाला जेमतेम वीस काउंट असल्याने हा प्रश्नच नव्हता. प्रत्येक मोजणी दहा सेकंद चालत असताना बिंदू त्या दहा सेकंदांच्या आरंभी मांडला की शेवटी, याची चिंता करू नये. सगळे बिंदू सारखेच सरकलेले असतात आणि दोन वेळांच्या फरकात ते सरकणे नाहीसे होते.

उभा अक्ष लॉगरिथमिक असेल तर निम्मे होणे म्हणजे सर्वत्र सारखेच उभे अंतर, एका दशकाच्या उंचीच्या ०.३०१ पट. १० आणि १०० च्या बरोबर मध्ये ५५ नसून सुमारे ३२ असतात, ही चूक मात्र वारंवार होते. आणि तिथे पार्श्वभूमी वक्र खाली सरकवून वजा करता येत नाही; प्रत्येक मूल्य वाचून, काउंटमध्ये वजाबाकी करून मगच पुढे जावे लागते.

उत्तर किती अंकांपर्यंत लिहावे

पिक्सेल ०.३ सेकंदाचा आहे म्हणून उत्तरही तेवढे अचूक, असे मुळीच नाही. निव्वळ ६०० पाशी दहा सेकंदांच्या एका मोजणीत एकूण सुमारे १०७ काउंट पडतात आणि त्यांत नैसर्गिक चढउतारच दहाच्या आसपास असतो, म्हणजे दर मिनिटाच्या हिशेबात साठेक काउंट. वक्र त्या विखुरलेल्या बिंदूंमधून कोणीतरी हाताने काढलेला आहे. आपण तिन्ही खेपेस वाचला तो तोच हात, त्यामुळे तीन उत्तरांमधला दीड सेकंदाचा फरक फक्त वाचनातली चूक दाखवतो, मोजणीतली दाखवत नाही. वक्राखालचे सारे निव्वळ काउंट मिळून साधारण ४४०० भरतात, आणि तेवढ्या काउंटवरून अर्धायुष्य दीड-दोन टक्क्यांपेक्षा बारकाईने कळणे शक्य नाही. त्यात पार्श्वभूमी दोन काउंटने मागेपुढे असण्याचा वाटा मिळवला की मी सहकाऱ्याला कळवलेले उत्तर १५३ सेकंद, अधिक-उणे ४ सेकंद, असे होते, आणि त्यासोबत वापरलेली पार्श्वभूमी, ४० काउंट प्रति मिनिट, हीही लिहिली होती, कारण ती माहीत असल्याशिवाय दुसऱ्या कोणाला तोच वक्र पुन्हा वाचून माझे उत्तर तपासता आले नसते.